त्यांचं जमा, आपलं नावे

भोसरीतला एक छोटा कारखाना घेऊ. पंपांसाठी लागणारी सील तो जर्मनीतल्या एका पुरवठादाराकडून मागवतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुरवठादाराकडून मेल येतो: ३१ मार्चचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे, मेळ घालून कळवावं. स्टेटमेंट म्हणतं, 9,935 युरो येणं आहे. कारखान्याच्या टॅलीत त्याच पार्टीच्या नावावर देणं दिसतं 11,900 युरो. नव्या हिशेबनिसाला वाटतं, आपण जास्त दाखवतोय, ते कमी मागतायत, म्हणजे फार काळजी नको. पण या फरकात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यातली मोठी एका क्रेडिट नोटेमुळे झालेली आहे.

स्टेटमेंट असं आहे:

```
02.01.  RV   18.400,00
20.01.  DG    1.150,00-
14.02.  RV    9.600,00
10.03.  DZ   17.225,00-
18.03.  DR      310,00
Saldo         9.935,00
```

पहिल्यांदा पाहणारा आकड्यांपाशीच अडखळतो. जर्मन पद्धतीत हजारानंतर टिंब येतं आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. `1.150,00` म्हणजे अकराशे पन्नास युरो, सव्वा युरोच्या आसपासचं काही नव्हे. वजाचं चिन्ह आकड्याच्या मागे चिकटलेलं असतं आणि छपाईत ते सहज नजरेतून सुटतं. मधली दोन अक्षरं सॅप या सॉफ्टवेअरमधले दस्तऐवजांचे प्रकार आहेत: `RV` म्हणजे विक्रीचं बिल, `DG` म्हणजे ग्राहकाला दिलेली क्रेडिट नोट, `DZ` म्हणजे ग्राहकाकडून आलेले पैसे. `DR` खाली हाताने केलेली बिलं आणि डेबिट नोटा येतात. शेवटचा `Saldo` म्हणजे शिल्लक.

आता मुख्य प्रश्न. हे स्टेटमेंट कोणाच्या वहीतून निघालं आहे? पुरवठादाराच्या. त्याच्या खतावणीत भोसरीचा कारखाना हा ऋणको आहे, म्हणून बिल काढलं की तो कारखान्याच्या नावे टाकतो, आणि पैसे आले किंवा काही रक्कम सोडून दिली की जमा करतो. कारखान्याच्या खतावणीत मात्र हाच पुरवठादार धनको असतो, आणि तिथे बिल जमेला बसतं, पैसे दिले की नावे. वाण्याच्या उधारीच्या वहीत घरच्यांच्या नावाने पान असतं आणि घरच्या डायरीत वाण्याच्या नावाने. दोन्ही पानांवरचा आकडा एकच, पण बाजू उलट. क्रेडिट नोट ही वाण्याच्या वहीतली नोंद आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

या कारखान्यात नेमकं तिथेच चुकलं. जानेवारीत आलेल्या मालातली काही सील वाहतुकीत चेपली होती. खरेदी विभागाने फोटो पाठवले, पुरवठादाराने तक्रार मान्य केली आणि २० जानेवारीला 1,150 युरोची क्रेडिट नोट पाठवली. कागदावर ठळक अक्षरात क्रेडिट नोट छापलेलं.

"मॅडम, क्रेडिट नोट आलीय. म्हणजे पार्टीला क्रेडिटच करायचं ना?" हिशेबनिसाने तेव्हा विचारलं असतं, तर वरिष्ठ अकाउंटंटचं उत्तर ठरलेलं होतं: "कोणाच्या वहीतलं क्रेडिट, ते आधी बघ."

पण विचारलं नाही. टॅलीत क्रेडिट नोटचं व्हाउचर उघडून त्याने पुरवठादाराला 1,150 जमा दिले. खरं तर पुरवठादाराकडून आलेली क्रेडिट नोट टॅलीत डेबिट नोटच्या व्हाउचरमध्ये घालायची असते. टॅलीप्राइममध्ये ते `Alt+F5` ने उघडतं. खरेदी परत गेली किंवा खरेदीची किंमत कमी झाली की हेच व्हाउचर. क्रेडिट नोटचं व्हाउचर, `Alt+F6`, आपण आपल्या ग्राहकाला सूट देतो किंवा त्याचा माल परत घेतो तेव्हासाठी आहे. म्हणजे हातात क्रेडिट नोट आणि पडद्यावर डेबिट नोट. हा विरोधाभास नव्या माणसाला पटत नाही, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. कागदाचं नाव कागद काढणाऱ्याच्या बाजूने ठेवलेलं असतं आणि व्हाउचरचं नाव वापरणाऱ्याच्या बाजूने.

परिणाम काय झाला? देणं 1,150 ने कमी व्हायला हवं होतं, ते 1,150 ने वाढलं. फरक पडला दुपटीचा, 2,300 युरोचा. म्हणूनच जुने हिशेबनीस मेळ जुळला नाही की आधी फरकाची निम्मी रक्कम करून पाहतात आणि त्या रकमेची नोंद कुठे आहे का ते शोधतात. इथे ती युक्ती चालत नाही. एकूण फरक आहे 1,965 आणि त्याचा निम्मा 982.50, आणि ही रक्कम कुठल्याच ओळीत नाही. एकापेक्षा जास्त चुका एकत्र मिसळल्या असल्या की निम्म्याचा नियम हात टेकतो. मग दोन्ही उतारे शेजारी ठेवून ओळ न् ओळ टिक मारत जाण्याला पर्याय उरत नाही.

टिक मारताना दिसतं की दोन्ही बिलं जुळतात. क्रेडिट नोट चुकीच्या बाजूला आहे. पेमेंट जुळत नाही: कारखान्याने 17,250 पाठवले, त्यांच्याकडे 17,225 पोचले. आणि 310 ची ओळ कारखान्याच्या वहीत नाहीच.

25 युरोचं कोडं बँकेच्या स्विफ्ट संदेशात सुटतं. त्यातल्या `71A` या रकान्यात `OUR`, `SHA` किंवा `BEN` असं लिहिलेलं असतं. `OUR` असेल तर सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे. `SHA` असेल तर वाटून, आणि मग मधल्या किंवा घेणाऱ्याच्या बँकेचं शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच कापलं जातं. कारखान्याच्या बँकेने `SHA` लावलं होतं. हे 25 युरो कोणी सोसायचे हे खरेदीच्या अटींवर ठरतं. अट कारखान्याच्या अंगावर येत असेल, तर बँक शुल्काच्या नावे आणि पुरवठादाराच्या जमेला अशी नोंद करायची, नाहीतर पुरवठादाराला लिहून ती ओळ काढून टाकायला सांगायची. नुसती लटकत ठेवली तर वर्षभरात अशा पाच-सहा ओळी जमतात आणि मग कुणालाच काही आठवत नाही.

310 युरोची ओळ ही डेबिट नोट. पहिल्या बिलात हवाई मालवाहतुकीचा आकार कमी लागला होता, तो १८ मार्चला त्यांनी वाढवून मागितला. त्यांच्या वहीत आपल्या नावे, म्हणून आपल्या वहीत त्यांच्या जमेला. कागद खरेदी विभागाच्या मेलमध्ये पडून राहिला आणि अकाउंट्सपर्यंत पोचलाच नाही. इथे तारीख महत्त्वाची. खर्च मार्चचा आहे, त्यामुळे कागद एप्रिलमध्ये हाती लागला तरी ३१ मार्चच्या ताळेबंदात तो यायला हवा. शिवाय मालवाहतूक हा सीमाशुल्काच्या मूल्याचा भाग असतो. म्हणून बिल ऑफ एंट्री भरणाऱ्या एजंटाला हे वेळेवर कळवावं लागतं.

मेळ आता बसतो. 11,900 मधून 2,300 वजा, त्यात 310 आणि 25 मिळवले की 9,935.

पुरवठादाराची प्रत्येक डेबिट नोट मात्र डोळे झाकून घ्यायची नसते. उशिरा पैसे दिल्याबद्दल व्याजाची डेबिट नोट येते. जर्मन कायद्यात व्यापारी देण्यात उशीर झाल्यास व्याजाशिवाय 40 युरोची ठोक आकारणी मागता येते. करार जर्मन कायद्याखाली आहे का, मुदत खरंच उलटली होती का, हे तपासल्याशिवाय ती जमा करू नये. आणि परदेशात व्याज पाठवायचं म्हटलं की टीडीएसचा प्रश्न येतो, तेव्हा आधी सीएला विचारलेलं बरं.

उलट बाजूनेही एक सापळा आहे. बऱ्याच कारखान्यांत तुटका माल सापडला की आपणच पुरवठादारावर डेबिट नोट काढतात. महिन्याभराने त्याची क्रेडिट नोट येते, आणि ती वेगळा कागद म्हणून पुन्हा नोंदवली जाते. दोन्ही नोंदी योग्य बाजूला असतात, म्हणून शंका येत नाही, पण देणं एकदा जास्तच कमी होतं. स्टेटमेंटवर एकच `DG` आणि आपल्याकडे तेवढ्याच रकमेच्या दोन नावे नोंदी, हे याचं लक्षण. आपल्या डेबिट नोटेवर पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेचा क्रमांक टाकून ती बंद करायची, दुसरं व्हाउचर काढायचं नाही. आणि पुरवठादाराने मान्य करेपर्यंत आपली डेबिट नोट हा आपला दावा असतो. त्याच्या स्टेटमेंटवर ती दिसली नाही म्हणून ते स्टेटमेंट चूक ठरत नाही.

दरांचं काय? मेळ युरोत घालायचा, रुपयांत नव्हे. समजा बिल 89 च्या दराने नोंदलं आणि क्रेडिट नोट तिच्या तारखेच्या 90 या दराने. युरो शून्याला आले तरी त्या 1,150 युरोंवर रुपयांत 1,150 उरतात. ती विनिमय दरातली घट-वाढ म्हणून वेगळ्या खात्यात जाते. ती पुरवठादाराकडून मागायची रक्कम नव्हे. काही कार्यालयांत क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने घेतात. कोणती पद्धत ते लेखापरीक्षकाशी ठरवावं, पण एकदा ठरवली की दर महिन्याला बदलू नये.

जीएसटीच्या बाबतीत नवखा माणूस उगाच घाबरतो. देशातल्या पुरवठादाराची क्रेडिट नोट आली की घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, म्हणून तो इथेही टॅलीत कर लावून बसतो. आयातीवरचा आयजीएसटी पुरवठादाराने आकारलेला नसतो; तो सीमाशुल्क विभागाला बिल ऑफ एंट्रीवर भरलेला असतो आणि त्याच कागदावर क्रेडिट मिळतं. जर्मन पुरवठादाराची क्रेडिट नोट जीएसटीच्या पोर्टलवर कुठेच येत नाही. डेबिट नोटच्या व्हाउचरमध्ये कराची ओळ टाकायची नाही.

बँकेच्या बाजूने मात्र ही क्रेडिट नोट जपून ठेवावी लागते. ऑक्टोबर 2016 पासून रिझर्व्ह बँकेची आयडीपीएमएस ही यंत्रणा प्रत्येक बिल ऑफ एंट्रीसमोर परदेशात गेलेली रक्कम जुळवते. सीमाशुल्काकडे 18,400 युरोचा माल नोंदलेला आहे आणि बँकेतून गेले 17,250. उरलेले 1,150 तिथे बाकी दिसत राहतात. ते बंद करायला बँक कारण आणि कागद मागते. क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक छापलेला नसेल तर बँकेला दोघांचा संबंध पटवून देणं कठीण जातं. म्हणून क्रेडिट नोट हाती आली की आधी तो क्रमांक पाहायचा, आणि नसेल तर त्याच दिवशी पुरवठादाराला सुधारित कागद मागायचा.