विश्लेषण : कॉलऱ्यात सलाइन नेमके कधी लागते?

तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले की घरचे आधी विचारतात, ‘सलाइन लावायचे का?’ कॉलरा, म्हणजेच पटकीचा रुग्ण जंतूपेक्षा शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्याने दगावतो. त्यामुळे उपचार ठरतो तो किती पाणी गेले यावर.

तोंडावाटे दिलेले पाणी टिकते का?

टिकते. कॉलऱ्याच्या विषामुळे आतडे पाणी बाहेर टाकू लागते, पण साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची क्षमता शाबूत राहते. मिठामागोमाग पाणीही शरीरात जाते. ओआरएस, अर्थात जलसंजीवनी, याच तत्त्वावर चालते. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महलनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे द्रावण ड्रममध्ये भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण तेथे जवळपास ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

किती द्यायचे?

दोन वर्षांचे, १२ किलो वजनाचे मूल घेऊ. डोळे खोल गेले आहेत, ते किरकिर करते, पाणी अधाशासारखे पिते, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होते. अशा मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे ९०० मिली ओआरएस लागते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. एक लिटरचे पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यातच कालवावे; ग्लासभर पाण्यात कालवल्यास क्षार जास्त होऊन अपाय होतो.

मग सलाइन कधी?

तेच मूल सुस्त पडले, पिऊ शकत नसले, त्वचेची चिमटी दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच राहिली किंवा नाडी क्षीण झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे रिंगर लॅक्टेट शिरेतून देतात : पहिल्या अर्ध्या तासात ३६० मिली, पुढील अडीच तासांत ८४०. वर्षाखालील बाळाला हेच प्रमाण सहा तासांत देतात. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीने गेलेले क्षार भरून येत नाहीत. मूल पिऊ लागताच ओआरएसही सुरू करतात.

प्रतिजैविके कोणाला?

कॉलऱ्याचा संशय असून शरीर खूप कोरडे पडले असेल किंवा जुलाब अतोनात असतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखे औषध देतात. त्याने जुलाबांचे प्रमाण आणि दिवस कमी होतात, पण गेलेले पाणी भरून निघत नाही. साध्या पातळ जुलाबांत ते लागत नाही. मुलांना जुलाब बांधणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. जुलाब थांबले तरी शरीर कोरडे राहू शकते. लघवी नीट होऊ लागली की पाणी पुरत असल्याचे समजावे.