‘गुणाकार केला की शून्य येत नाही’ म्हणे!

मुकुंदवाडीत सुट्टीच्या दिवशी काही कॉलेजच्या पोरांना मी गेम बनवायला शिकवतो. प्रत्येक तुकडीत निम्म्याहून जास्त जण पहिला गेम टॉवर डिफेन्सचाच करतात. एक वाट, तिच्यावरून चालत येणारे शत्रू आणि कडेला तुम्ही बांधलेले टॉवर. त्यात एक बर्फाचा टॉवर हमखास असतो. त्याच्या टप्प्यात आलेल्या शत्रूचा वेग 40 टक्क्यांनी कमी होतो. दोन-तीन आठवड्यांत पोरांच्या लक्षात येतं की चार बर्फाचे टॉवर एकाच वळणावर लावले तर शत्रू तिथून हलतच नाही. मी विचारतो, ‘मंदावण्याला मर्यादा कुठाय?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, मर्यादा कशाला? आपण बेरीज नाही करत, गुणाकार करतो. गुणाकारात शून्य कधी येतच नाही.’

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की पहिल्यांदा मीच मंदावतो. त्यातलं गणित बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. म्हणून आधी गणित मान्य करू. 40 टक्क्यांचे तीन परिणाम बेरजेने लावले तर 120 टक्के होतात आणि शत्रूचा वेग उणे वीस टक्के निघतो. गेममध्ये तो खरोखर उलटा चालत येण्याच्या दारापर्यंत जातो. ही चूक दिसायला इतकी मजेशीर असते की ती लगेच सापडते. गुणाकाराने लावले तर 0.6 × 0.6 × 0.6, म्हणजे 0.216. वेग मूळच्या सुमारे बावीस टक्के उरतो आणि त्याचं चिन्हही बदलत नाही. 0.6 ला 0.6 ने कितीही वेळा गुणलं तरी कागदावर शून्य येणार नाही, हेही खरंच.

मग गडबड कुठे होते? पोरं वेग मोजतात आणि खेळणारा वेळ मोजतो. टॉवर डिफेन्समध्ये शत्रूचा वेग किती आहे याने काही ठरत नाही. तो टॉवरच्या टप्प्यात किती सेकंद राहतो त्यावर सगळं ठरतं, कारण तितके सेकंद त्याला गोळ्या लागत राहतात. वाट हजार पिक्सेलची आणि शत्रूचा वेग सेकंदाला शंभर पिक्सेल असेल, तर ती ओलांडायला 10 सेकंद लागतात. सगळी वाट एका बर्फाच्या टॉवरच्या टप्प्यात असेल तर 16.7 सेकंद, दोन असतील तर 27.8, तीन असतील तर 46.3. चौथ्याला 77 आणि पाचव्याला 128 च्या वर.

आता हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. वेगाच्या बाजूने पाहिलं तर पहिल्या टॉवरने 40 पिक्सेल काढून घेतले, दुसऱ्याने 24, तिसऱ्याने 14. वाटतं की प्रत्येक पुढचा टॉवर कमी कामाचा होत चाललाय, म्हणजे हिशोब आपोआप काबूत राहील. पुस्तकी भाषेत ‘घटता परतावा’ म्हणतात तो हाच, असं पोरं मला ऐकवतात. वेळेच्या बाजूने पाहिलं तर चित्र नेमकं उलटं आहे. पहिल्या टॉवरने पावणेसात सेकंद मिळवून दिले, दुसऱ्याने अकरा, तिसऱ्याने साडेअठरा, पाचव्याने पन्नासहून जास्त. म्हणजे परतावा वाढत चाललाय, तोही चक्रवाढीने. शून्य येत नाही म्हणून सुरक्षित वाटलेला नियमच गेम मोडतो. खेळणाऱ्याला शहाणपणाची चाल एकच उरते: बर्फ, आणखी बर्फ, आणि कोपऱ्यात एक गोळ्या झाडणारा टॉवर.

शिवाय संगणकातला गुणाकार कागदावरच्या गुणाकारासारखा नसतो, ही दुसरी गोष्ट. वेग पूर्णांकात ठेवला असेल आणि अपूर्णांक कापला जात असेल तर शंभरचे साठ, मग छत्तीस, एकवीस, बारा, सात, चार, दोन, एक आणि नवव्या गुणाकाराला शून्य. बरं, हा शून्य परतीचा नसतो. टप्प्यातून बाहेर पडताना वेग 0.6 ने भागून ‘पूर्ववत’ करायचा असा कोड पोरं लिहितात. शून्याला कशानेही भागा, शून्यच मिळणार. शत्रू कायमचा पुतळा होतो, लाट संपत नाही आणि पोरं म्हणतात की गेम हँग झालाय. गेम मजेत चालू असतो. तो त्या एका पुतळ्याची वाट बघत असतो.

पण सगळ्यात जास्त वेळा मला सापडणारं मूळ याहून साधं असतं. गोडॉटमध्ये `_physics_process` हे फंक्शन मुळात सेकंदाला 60 वेळा चालतं. त्याच्यात कुणीतरी ही ओळ टाकलेली असते:

```gdscript
if in_ice_zone:
    speed *= 0.6
```

एकच टॉवर, एकच शत्रू. पण गुणाकार दर टिकला पुन्हा होतो, तोही आधीच कमी झालेल्या वेगावर. दहा टिकमध्ये, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात, शंभरचा वेग एकाच्याही खाली जातो. इथे परिणाम एकावर एक चढलेच नाहीत, एकच परिणाम स्वतःच्याच डोक्यावर चढत राहिला. ओळखायची खूण सोपी आहे. शत्रू टप्प्याच्या काठावरच थिजत असेल तर गुणाकार दर टिकला होतोय. तो आत शिरून, जिथे दोन-तीन टप्पे एकमेकांवर येतात तिथे रेंगाळत असेल, तर परिणाम खरोखर एकावर एक चढताहेत.

माझं म्हणणं कुणाला शिकवणीतलं वाटत असेल तर माइनक्राफ्ट उघडा. त्यात ‘स्लोनेस’ हा परिणाम चालण्याच्या वेगाला गुणतो. त्या गुणाकाराचं अंतर्गत नावच `add_multiplied_total` आहे. पण एकाच परिणामाच्या पातळ्यांची आधी बेरीज होते: प्रत्येक पातळीला 15 टक्के. चौथ्या पातळीला 60 टक्के वेग जातो, सहाव्या पातळीला 90. टर्टल मास्टरच्या साध्या आणि वाढीव काढ्यांचे आकडे हेच. सातव्या पातळीला 105 टक्के होतात, गुणक उणे 0.05 निघतो आणि वेगाला शून्याचा तळ असल्याने खेळाडू जागचा हलत नाही. करून बघा (आज्ञेतली पातळी शून्यापासून मोजतात, म्हणून सातव्यासाठी 6 लिहायचा):

```
/effect give @s minecraft:slowness 30 6
```

त्याच वेळी वेग वाढवणारा काढा प्यायलात तरी उपयोग नाही, कारण उणे गुणकाला एकाहून मोठ्या आकड्याने गुणलं तरी तो उणेच राहतो. थोडक्यात, ‘आम्ही गुणाकार करतो’ एवढं सांगणं पुरत नाही. नेमकं कशाकशाला गुणता आणि त्याआधी काय बेरजेत घेता, हे सांगावं लागतं. याच माइनक्राफ्टमध्ये दोन ठिकाणांहून आलेला स्लोनेस मात्र एकावर एक चढत नाही, जो जास्त पातळीचा तोच लागू होतो. नियम स्पष्ट असला की असं एका वाक्यात सांगता येतं.

मोठ्या गेमांनी तळ घातलेला आहे. डोटा 2 मध्ये हिरोचा वेग कितीही मंदावला तरी 100 च्या खाली जात नाही. लीग ऑफ लेजंड्समध्ये अनेक मंदावणाऱ्या परिणामांपैकी सगळ्यात जोरदार तेवढाच धरतात. त्यावर वेग 220 च्या खाली गेला की तो अर्धा करून त्यात 110 मिळवतात. 340 वेगाच्या पात्राला 60 टक्क्यांचा फटका बसला तर उरायला हवेत 136, प्रत्यक्षात उरतात 178. हा कठीण तळ नाही, उतार आहे. खाली जाल तसं आणखी खाली जाणं महाग होतं.

‘सगळ्यात जोरदार तेवढाच’ हा नियम पोरांना अन्यायकारक वाटतो: ‘मग दुसरा टॉवर बांधायचा कशाला?’ त्यांना मी आपल्या मुकुंदवाडी स्टेशनाकडे बोट दाखवतो. मनमाड–सिकंदराबाद मार्गावर एकाच तुकड्यात ताशी 30 आणि ताशी 20 असे दोन वेगनिर्बंध आले तर लोको पायलट ताशी 20 ने जातो. तीसचे वीस टक्के काढत बसत नाही. आणि दुसऱ्या टॉवरचा प्रश्न खराच आहे, पण त्याचं उत्तर डिझाइनमध्ये आहे: तो दुसऱ्या प्रकारचा बांधा. बर्फाचे दहा टॉवर असले तरी बर्फ एकदाच लागेल, चिखलाचा टॉवर मात्र वेगळा मोजला जाईल. एका प्रकारातला सगळ्यात जोरदार घ्यायचा, वेगवेगळ्या प्रकारांचा गुणाकार करायचा आणि तळ सगळ्यात शेवटी लावायचा. कोडमध्ये ते असं दिसतं:

```gdscript
func current_speed() -> float:
    var strongest := {}
    for s in slows:
        strongest[s.kind] = maxf(strongest.get(s.kind, 0.0), s.amount)
    var m := 1.0
    for a in strongest.values():
        m *= 1.0 - a
    m = maxf(m, 0.35)
    return base_speed * m
```

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. वेग दर वेळी `base_speed` पासून नव्याने काढलाय, म्हणून पूर्ववत करायला भागाकार लागत नाही. यादीतून परिणाम काढला की वेग आपोआप जागेवर येतो. आणि 0.35 चा तळ म्हणजे वरच्या हजार पिक्सेलच्या वाटेवर जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस सेकंद. हा आकडा वेगाकडे बघून ठरवू नका, सेकंदांकडे बघून ठरवा. तुमचा सगळ्यात चिवट शत्रू तेवढ्या वेळात मरावा की निसटावा, हे आधी ठरवायचं आणि तळ त्यातून काढायचा.

राहिलेले गैरसमज झटपट उरकतो. ‘वेग पन्नास टक्के वाढवला आणि पन्नास टक्के घटवला की फिटंफाट’: नाही, 1.5 × 0.5 म्हणजे 0.75. ‘तळ घातला तर शत्रूला पूर्ण थांबवताच येणार नाही’: येईल की, पण थांबवणं हा वेगळा परिणाम ठेवा, स्वतःच्या मुदतीचा. वेग शून्यावर ढकलून तो साधू नका, नाहीतर मंदावण्याला प्रतिकार असलेला शत्रू थांबवण्यालाही फुकटात चुकवेल. ‘तोच टॉवर पुन्हा लागला की मुदतीत भर पडते’: तुम्ही तसं लिहिलं तर पडते. बहुतेक ठिकाणी मुदत फक्त नव्याने सुरू केलेली बरी, कारण मुदतींची बेरीज करत गेलात की 0.35 चा तळ असूनही शत्रू लाट संपेपर्यंत सरपटतच राहतो.

तपासायला फार काही लागत नाही. शत्रूच्या डोक्यावर `m` चा आकडा दिसेल असं करा, दहा बर्फाचे टॉवर एकाच चौकोनाभोवती लावा आणि एक शत्रू सोडा. आकडा 0.6 वर थांबला तर प्रकारांचा नियम चालतोय. चिखलाचा टॉवर घालून तो 0.35 च्या खाली गेला तर तळ गुणाकाराच्या आधी लागतोय. आणि शत्रू बाहेर पडल्यावर आकडा परत 1 झाला नाही, तर कुठेतरी अजून भागाकार शिल्लक आहे किंवा परिणाम यादीतून निघालेला नाही.