कुरडईची मोठी पोस्ट छोटी कशी केली?



मागच्या उन्हाळ्यात एका गटाकडे 30 किलो कुरडई शिल्लक होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. गटाने फेसबुकवर पोस्ट टाकली होती. गट कधी सुरू झाला, सदस्या किती, पापड-शेवया-कुरडयांचे दर, सगळ्यांचे आभार, सगळं त्यात होतं. तीच पोस्ट एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) टाकायला गेलो तर बसेना. तिथे साध्या खात्याला 280 अक्षरांचीच जागा असते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. 'स्त्री' आपल्याला एकच अक्षर दिसतं, तिथे ते सहा धरलं जातं.

मग आम्ही तुकडे करून तीन पोस्ट टाकल्या. पण लोकांनी एखादाच तुकडा पाहिला आणि दर होता तिसऱ्यात. एकही ऑर्डर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी पुन्हा बसलो. आधी ठरवलं, वस्तू एकच सांगायची: कुरडई. पापड-शेवयांची पोस्ट नंतर वेगळी. मग पहिली ओळ शोधली. "आमच्या गटाची दर्जेदार उत्पादने" असं तर प्रत्येकच गट लिहितो, त्यावर नजर थांबत नाही. गटातल्या काकू गिऱ्हाइकाला नेहमी सांगतात, "अगं, गहू तीन दिवस भिजवलाय, म्हणून अशी फुलते." तीच ओळ घेतली. आठवडी बाजाराचा पत्ता काढला, कारण एक्सवर वाचणारी बाई पुण्या-मुंबईचीही असू शकते. तिला पार्सल मिळतं का, एवढंच हवं असतं.

शेवटी पोस्ट अशी झाली:

"गहू तीन दिवस भिजला, तेव्हा कुरडई अशी फुलली! रंग नाही, सोडा नाही. अर्धा किलो 160 रुपये, पार्सल खर्च वेगळा. हवी असेल तर मेसेज करा."

ही जेमतेम 130 अक्षरं होतात. जागा उरली म्हणून भरायची नाही. सोबत फोटो एकच लावला, कच्ची आणि तळलेली कुरडई शेजारी शेजारी. 'अशी' हा शब्द त्या फोटोमुळेच कळतो.

टाकण्याआधी पोस्ट गटाबाहेरच्या एका ताईला एकदाच वाचून दाखवली आणि विचारलं, "काय कळलं?" ती म्हणाली, "कुरडई आहे, घरची आहे, मागवता येते." तिने दोन वस्तू सांगितल्या असत्या किंवा "दर काय?" विचारलं असतं, तर पोस्ट पुन्हा लिहावी लागली असती.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली ओळ खरीच हवी. गहू दोनच दिवस भिजवला असेल तर दोनच लिहा, नाहीतर पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक तुटतं. आणि अनोळखी माणसालाही मेसेज करता येईल असं खात्याचं सेटिंग आहे ना, ते पाहा. ते बंद असेल तर मागणी आपल्यापर्यंत पोचतच नाही.

पुढच्या बैठकीला आपापल्या गटाची एक मोठी पोस्ट घेऊन या. बसून छोटी करू.