चिवड्याची पुडी आणि मेन्साचं ताट

परदेशी शिकायला निघालेल्या मुलीची बॅग भरताना आई काय काय भरते, हे आता आपल्या गावांनाही नवं राहिलेलं नाही. पूर्वी मुलगी पुण्याला हॉस्टेलवर निघाली तरी लाडवांचा डबा जायचा, आता जर्मनीला निघाली तरी जातो. फरक इतकाच, की आता आधी नियम वाचावे लागतात. युरोपात शिरताना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ चालत नाहीत. त्यामुळे तूप, खवा, पेढे घरीच राहतात आणि कोरड्या खाऊवर सगळी भिस्त येते.

माझ्या भाचीच्या बॅगेत 2025 च्या ऑक्टोबरात दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा गेला. ताईने तो मोठ्या विचाराने केला होता. पोहे मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजले. कढीपत्ता आणि मिरची तेलात अगदी कुरकुरीत होईस्तोवर तळली, कारण त्यात पाण्याचा अंश राहिला की अख्खा चिवडा मऊ पडतो. खोबऱ्याचे काप मुद्दाम घातले नाहीत. सगळ्यात आधी खवट होतं ते खोबरं, आणि त्याच्या पाठोपाठ शेंगदाणा. परातीत पूर्ण गार झाल्यावरच दोनशे-दोनशे ग्रॅमच्या दहा पुड्या बांधल्या. गरम असताना बांधला असता तर आतल्या वाफेनेच नरम झाला असता. घरी पावसाळ्यात चार दिवसांत सादळणारा तो चिवडा तिकडे शेवटच्या पुडीपर्यंत कुरकुरीत राहिला. थंडीत खोल्या तापवलेल्या असतात आणि आतली हवा कोरडी, त्यामुळे उघडी पुडीही टिकते.

टिकला, हीच पुढे अडचण झाली.

भाची जर्मनीच्या पूर्वेला, साक्सन प्रांतातल्या एका मध्यम शहरात शिकते. तिथे विद्यापीठाच्या खानावळीला मेन्सा म्हणतात. ती चालवते विद्यार्थ्यांसाठीची एक वेगळी संस्था. तिला सरकारचं अनुदान असतं, आणि दर सहामाहीला विद्यार्थी जे शुल्क भरतात त्यातला एक वाटाही तिच्याकडे जातो. म्हणून एकाच ताटाचे तीन भाव असतात. विद्यार्थ्याला सगळ्यात स्वस्त, नोकरदाराला जास्त, बाहेरच्या पाहुण्याला त्याहून जास्त. पैसे कार्डावर भरायचे, ताट घ्यायचं, कार्ड टेकवायचं. दुपारी साडेअकरा-बाराला गर्दी सुरू होते आणि दोन-अडीचला भांडी घासायला जातात. आपल्यासारखं तीन वाजता जेवायला गेलं तर उपाशीच परत यायचं.

पहिल्या दिवशी तिने फलकावर बटाटा हा एकच शब्द ओळखला आणि तोच पदार्थ मागितला. ताटात आल्या किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या तीन चकत्या. आपल्या उपासाच्या थालीपिठाच्या चुलत बहिणीच म्हणा. जीव सुखावला तोच वाढणाऱ्या बाईने त्यावर पळीभर सफरचंदाचा गोड लगदा ओतला. मीठ कमी, तिखट नाहीच, वर गोड. दुसऱ्या दिवशी दालचिनी-साखर घातलेला दूधभात आला, तोही जेवण म्हणून. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रांगेतल्या डुकराच्या मांसाचा वास आला आणि ती ताट न घेताच बाहेर पडली. आमचं घर शाकाहारी. फलकावर प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे आणि अक्षरं होती, ती तिला कळत नव्हती. न कळणाऱ्या अन्नाची भीती वाटते हो, त्यात नवल ते काय?

मग सुरू झाला हिशेब. जेवण साधारण तीन युरोचं. एक युरो शंभर रुपयांच्या थोडा वरच. म्हणजे तीनशे रुपयांचं ताट, आणि तेही आवडत नसलेलं! व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या पैशांतून महिन्याला 992 युरो हाती येतात, त्यातले निम्म्याच्या आसपास भाडं आणि विमा यातच जातात. खोलीवर चिवडा आहे, ब्रेड आहे, चहा आहे. दुपारी ब्रेड, रात्री वाटीभर चिवडा. असे पाच आठवडे निघाले. दहा पुड्या पाच आठवड्यांत संपल्या, म्हणजे दिवसाला जेमतेम सत्तावन्न ग्रॅम. मग देशी दुकानातून तीन युरोला दोनशे ग्रॅमचं पाकीट यायला लागलं. अर्धं आज, अर्धं उद्या. दीड युरोत रात्र भागते, असं तिचं गणित.

ताईला फोनवर रोज ‘जेवले गं’ इतकंच कळायचं. पण आईची नजर ती. व्हिडिओवर मागे टेबलावर नेहमी तीच स्टीलची वाटी दिसते, हे तिनेच टिपलं. आणि तिने काय करावं? तीन किलोचा नवा घाणा काढायची तयारी! कुरिअरवाल्याने सांगितलेला आकडा चिवड्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होता, तरी ताई मागे हटेना. ‘पोरगी तेवढंच तर खातेय,’ म्हणाली. मला मात्र त्या ‘तेवढंच’ची काळजी वाटली.

नोव्हेंबरमध्ये तिकडे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. अंधारात घरी येणं, एकटीने खाणं, आणि आपल्या घराच्या वासाची एकच गोष्ट खोलीत असणं. चिवड्याची पुडी उघडली की कढीपत्त्याचा वास यायचा आणि रडू यायचं, असं तिने मला नंतर सांगितलं. ‘मावशी, भुकेसाठी नव्हते गं खात,’ म्हणाली. महिन्याच्या अखेरीला प्रयोगशाळेत उभ्या उभ्या तिला भोवळ आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह कमी, बी-12 कमी.

यात चिवड्याला दोष देऊ नये. शेंगदाणे आणि डाळं आहे, थोडं प्रथिन मिळतं. शंभर ग्रॅमला दहा-बारा ग्रॅम धरा, आणि जवळजवळ पाचशे कॅलरी. पण त्या कॅलरी मुख्यतः तेल आणि पोह्यांच्या. बी-12 तर त्यात नसतंच. शाकाहारी माणसाला ते बहुतेक दुधा-दह्यातून मिळतं, आणि ही बया घरी रोज वाटीभर दही खाणारी, तिकडे गेल्यापासून दही-दूध विसरूनच गेली होती. चहात पडेल तेवढंच दूध. पोट भरल्यासारखं वाटायचं, कारण तेलकट खाल्लं की भूक मरते. अशा उपासमारीत मुलगी लगेच वाळलेली दिसत नाही. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप, अभ्यासात चित्त न लागणं, अशी ती दिसते. आणि यातलं सगळं ‘घरची आठवण येतेय’ या नावाखाली खपून जातं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण तिला मेन्साच्या दारात परत नेलं ते नांदेडच्या एका मुलीने. तिला ही ताई म्हणते, तिच्याहून दोन वर्षं पुढे आहे. त्या पोरीने काही उपदेश केला नाही. फलकासमोर उभं केलं आणि आधी चित्रं वाचायला शिकवली. डुक्कर, गाय, कोंबडी, मासा यांची खूण कुठे, हिरवं पान कुठे. ‘व्हेगन’ लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्यायचं, त्यात प्राण्याचं काहीच नसतं. ‘व्हेजिटारिश’ लिहिलेल्यात अंडं असू शकतं, तेव्हा अंडं वर्ज्य असेल तर अक्षरांची यादी बघायची. गोड पदार्थांत जिलेटिन असेल तर तेही तिथेच कळतं. संध्याकाळीच मोबाईलवर उद्याचे पदार्थ बघून ठेवायचे, म्हणजे रांगेत गोंधळ नको.

त्या दिवशी मसुराचं दाट सूप होतं. जर्मनीत त्यात सहसा सॉसेज टाकतात, म्हणून ‘ओने वुर्स्ट’ म्हणायचं, म्हणजे सॉसेजशिवाय. पण हेही पुरेसं नाही बरं का. कधी सूपच मांसाच्या तुकड्यांवर शिजवलेलं असतं, तेव्हा वरचं सॉसेज काढून उपयोग काय? खूण हिरवी असेल तरच घ्यायचं. त्या दिवशी होती. वाडगाभर सूप, सोबत पाव, आणि वाटीत क्वार्क.

पहिला घास घेतला आणि भाची थबकली. सूप आंबटगोड होतं. साक्सनकडे मसुरात व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालायची पद्धत आहे. टेबलावर व्हिनेगरची बाटलीही असते, ज्याला हवं त्याने आणखी घ्यावं. आपण आमटीत चिंच-गूळ घालतो ना, तेच काम तिथे व्हिनेगर-साखर करते. फोडणी नाही, गोडा मसाला नाही, हिंग तर दूरच. तरी जिभेने ओळख पटवली. तिने पर्समधून चिवड्याची छोटी डबी काढली आणि मूठभर वर भुरभुरला. थोडाच, आणि शेवटी. पातळ पोहे गरम सुपात दोन मिनिटांत गळतात, मग त्याची पेज होते. नांदेडकर ताईने न विचारता डबी आपल्याकडे ओढली, ते तर सांगायलाच नको.

आणि क्वार्क? आपला चक्काच. दुधाचं विरजण निथळून केलेला, जरा कमी आंबट. शंभर ग्रॅमला बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिन. दुकानात अर्ध्या किलोचा डबा दीड युरोच्या आत-बाहेर मिळतो. तिने त्यात साखर आणि वेलची घालून रविवारी श्रीखंड केलं. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात आणि मेन्साही, म्हणून शनिवारी आणून ठेवावं लागतं.

मग तिचा हिशेब बदलला. रात्रीच्या दीड युरोच्या चिवड्याने भूक मारायची आणि दुपारचा ब्रेड वेगळा. त्यापेक्षा दुपारी तीन युरोत गरम डाळ, पाव, दुधाचा पदार्थ आणि चार माणसांची सोबत. जिच्या मेन्सासाठी ती दर सहामाहीला शुल्कातून पैसे भरतेच, तिथे न जेवणं म्हणजे भरलेल्या मेसचं ताट सोडून देण्यासारखं होतं. सगळेच दिवस काही मसुराचे नसतात. कणकेचे उकडलेले गोळे तिला अजून गिळवत नाहीत. सफरचंदाच्या लगद्याला ती आता आधीच ‘नको’ म्हणते आणि बटाट्याच्या चकत्यांवर लोणचं घेते. ज्या दिवशी फलकावर काहीच रुचेल असं नसतं, त्या दिवशी खोलीवर खिचडी.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाजात थोडी खट्टू वाटली. लेकीने नवी यादी पाठवली होती. चिवडा अर्धा किलो पुरे. त्याऐवजी हिंगाची डबी, गोडा मसाला, आमसुलं, आणि मेतकूट.

‘चिवडा अर्धाच म्हणाली गं,’ ताई म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, ‘मेतकूट किती दिवस टिकतं, डाळी जरा जास्त भाजल्या तर?’