पुढच्याची टाच आणि रुपयाएवढं धरण

‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं कळसूबाई निसर्गसौंदर्याने पर्यटकांच्या डोळ्यांचं पारणं फेडतं.’ यातलं कळसूबाई खोडून माथेरान लिहा, नाहीतर आंबोली. वाक्याला कुठेच धक्का लागत नाही. प्रवासाच्या लेखातलं वाक्य माहितीपत्रकाचं झालंय का, हे ओळखायला एवढी परीक्षा पुरते.

नुसता ‘मी’ घालूनही भागत नाही. ‘मला विलोभनीय दृश्य दिसलं’ हेही पत्रकच. त्या चढणीवर माणूस नेमकं काय बघत होता, ते लिहावं लागतं. उदाहरणार्थ असं:

‘शेवटच्या शिडीखाली लिंबू सरबत घेतलं. सरबतवाल्या मावशी म्हणाल्या, “आता आलंच.” खाली बारी गाव सोडल्यावर पहिल्या चढालाही एकाने हेच सांगितलं होतं. शिडीचा कठडा ओला, गार. वर बघायची हिंमत नव्हती. पुढच्याच्या बुटाची टाच बघत चढलो. माथ्यावर छोटं देऊळ आणि सगळीकडे ढग. मग वाऱ्याने ढगात फट पाडली आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, रुपयाएवढं. मी ओरडलो आणि लगेच खाली बसलो. मांड्या लटपटत होत्या.’

यात ‘दमलो’ कुठेच नाही, ‘आनंद झाला’ही नाही. दमलेल्या माणसाची नजर आखूड होते: क्षितिज सुटतं, टाच उरते. म्हणून टाच लिहिली की दमणूक आपोआप येते. आनंदाचंही तसंच. आधी ढगांनी सगळं झाकलं होतं, म्हणून ते रुपयाएवढं पाणी मोठं वाटतं. पहिल्याच ओळीत धरण, डोंगररांगा आणि सूर्योदय मांडून ठेवले, तर ओरडायला काही शिल्लक राहत नाही.

उंचीचं काय करायचं? शिखर १६४६ मीटर आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पत्रक हा आकडा सुरुवातीला देतं. तुम्ही तो मांड्या लटपटल्यानंतर द्या; तोवर वाचकही तुमच्याबरोबर चढलेला असतो आणि आकड्याला वजन येतं.

उलटा धोकाही आहे. काही जण पत्रक टाळायला निघतात आणि फोड, घाम, गर्दी, महाग चहा यांची तक्रारवही लिहितात. तेही तितकंच कंटाळवाणं. त्रासाच्या दोन गोष्टी ठेवा, त्याही पुढच्या आनंदाला उपयोगी पडणाऱ्या.

मावशींच्या ‘आता आलंच’सारखी बोलणी सगळ्यांत आधी विसरतात. डोंगर फोटोत राहतो, वाक्य राहत नाही. म्हणून ती त्याच रात्री, झोप येत असली तरी, टिपून ठेवावीत. बस, मुक्काम, पाण्याची सोय हे वाचकाला हवंच असतं; ते लेखाखाली वेगळ्या चौकटीत द्या, चढणीच्या मध्ये घुसवू नका.