आधी कोणता विषय?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (पुण्यातल्या नव्हे, मॅसॅच्युसेट्समधल्या) विषयांना नावांपेक्षा आकड्यांनी ओळखतात. गणित विभागाचा क्रमांक १८, भौतिकशास्त्राचा ८. त्यामुळे ‘क्वांटम फिजिक्स-१’ हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘८.०४’ असतो. या विषयाला बसायचं तर दोन गोष्टी आधी झालेल्या हव्यात: ‘कंपनं आणि लहरी’ हा ८.०३ आणि ‘डिफरन्शियल इक्वेशन्स’ हा १८.०३. कंपनं आणि लहरींना कॅल्क्युलस-२ आणि फिजिक्स-२ लागतात. कॅल्क्युलस-२ला कॅल्क्युलस-१ लागतो. फिजिक्स-२ला फिजिक्स-१ लागतोच, शिवाय कॅल्क्युलस-१ही. डिफरन्शियल इक्वेशन्सला कॅल्क्युलस-२ची जोड हवी. विषय सात, त्यांच्यातल्या अटी आठ.

हे सात विषय एका ओळीत असे मांडायचे की प्रत्येकाच्या अटी त्याच्या आधी येतील. संगणकशास्त्रात याला टोपोलॉजिकल सॉर्टिंग म्हणतात. सात विषयांच्या ५०४० वेगवेगळ्या ओळी होऊ शकतात; एकेक तपासत बसणं संगणकालाही परवडेल, पण विषय तीस झाले की तोही हात टेकेल. सुदैवाने एवढी झटापट करावी लागत नाही. ‘डेप्थ-फर्स्ट सर्च’ ही पद्धत प्रत्येक विषयाला आणि प्रत्येक अटीला एकदाच हात लावते आणि ओळ तयार करते. रॉबर्ट टार्जन यांनी ही पद्धत अशा क्रमासाठी कशी वापरता येते, हे १९७६ मध्ये मांडलं.

ती चालते कशी? कोणत्याही विषयापासून सुरुवात करायची. इथे क्वांटमपासून करू. त्याची पहिली अट कंपनं आणि लहरी, म्हणून तिकडे जायचं. तिची पहिली अट कॅल्क्युलस-२, तिकडे. त्याची अट कॅल्क्युलस-१. त्याला काहीच अट नाही, म्हणजे आणखी खोल जायला वाट नाही. तो ‘संपला’, ओळीत पहिला. मागे वळायचं. कॅल्क्युलस-२च्या सगळ्या अटी पाहून झाल्या, तोही संपला, दुसरा. पुन्हा मागे, कंपनं आणि लहरींकडे. त्यांची दुसरी अट फिजिक्स-२, म्हणून तिथे उतरायचं. तिथून फिजिक्स-१, जो लगेच संपतो आणि तिसरा लागतो. फिजिक्स-२ची दुसरी अट कॅल्क्युलस-१ आधीच ओळीत आहे, म्हणून फिजिक्स-२ चौथा. मग कंपनं आणि लहरी पाचवा, डिफरन्शियल इक्वेशन्स सहावा, आणि ज्याच्यापासून सुरुवात केली तो क्वांटम सगळ्यात शेवटी.

गंमत अशी की ओळ लावण्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. विषय ज्या क्रमाने संपले तीच ओळ. कारण उघड आहे: एखादा विषय त्याच्या सगळ्या अटी संपल्याशिवाय संपूच शकत नाही. (पाठ्यपुस्तकांत बाण उलटे, म्हणजे अटीकडून विषयाकडे काढतात, तिथे हीच यादी शेवटून वाचावी लागते. नवशिके इथेच गोंधळतात.) ही एकमेव बरोबर ओळ मात्र नाही. फिजिक्स-१ सगळ्यात आधी घेतला तरी काही बिघडत नाही.

आता खरी कसोटी. समजा, दोन विभागांनी आपापल्या बैठकीत एकेक बदल केला. हे बदल काल्पनिक आहेत, पण अशक्य वाटावेत असे नाहीत. विद्युतक्षेत्रं समजायला बहुचल कॅल्क्युलस हवाच, म्हणून भौतिकशास्त्रवाल्यांनी फिजिक्स-२ला कॅल्क्युलस-२ची अट घातली. उदाहरणं विद्युतक्षेत्रांचीच घ्यायची आहेत, म्हणून गणितवाल्यांनी कॅल्क्युलस-२ला फिजिक्स-२ची अट घातली. प्रत्येक बदल एकटा पाहिला तर निर्दोष. एकत्र आले की मात्र दोन्हींपैकी एकही विषय कुणालाच कधी घेता येणार नाही, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले पुढचे तीनही अडकतील.

हे वर्तुळ ओळखायचं कसं? पहिल्यांदा सुचणारा उपाय असा: भेट दिलेल्या विषयावर खूण करायची आणि खूण केलेला विषय पुन्हा भेटला की वर्तुळ जाहीर करायचं. हा उपाय चुकीचा आहे. वरच्या निर्दोष प्रवासात कॅल्क्युलस-१ दोनदा भेटला होता, एकदा कॅल्क्युलस-२मधून आणि एकदा फिजिक्स-२मधून. तिथे वर्तुळ नव्हतं; एकाच विषयाची गरज दोघांना होती इतकंच.

म्हणून एका खुणेऐवजी तीन रंग लागतात. न पाहिलेला विषय पांढरा. ज्याच्यात शिरलो आहोत पण ज्याच्या अटी अजून संपलेल्या नाहीत तो करडा. संपलेला तो काळा. काळा भेटला तर तो ओळीत लागलेला आहे, पुढे चालायचं. करडा भेटला तर मात्र आपण ज्या विषयाच्या अटी शोधायला निघालो, तोच स्वतःची अट म्हणून समोर उभा आहे. बदललेल्या यादीत वाट अशी जाते: क्वांटम, कंपनं आणि लहरी, कॅल्क्युलस-२, फिजिक्स-२, आणि तिथून पुन्हा कॅल्क्युलस-२, जो अजून करडाच आहे. पकडलं.

शिवाय पुरावाही हातात असतो. त्या क्षणी करडे असलेले विषय म्हणजे आपण चाललेली वाट, आणि त्यातला कॅल्क्युलस-२पासून पुढचा तुकडा म्हणजे नेमकं वर्तुळ. क्वांटम आणि कंपनं-लहरी करडे असले तरी वर्तुळात नाहीत; ते फक्त वाटेत होते. आर्थर कान यांच्या १९६२च्या पद्धतीत, जिच्यात अट नसलेले विषय एकेक करून काढत जातात, शेवटी पाच विषय शिल्लक राहतात आणि त्यांतले दोषी दोघेच कोणते हे वेगळं शोधावं लागतं. पायथॉनच्या `graphlib` मध्ये `CycleError` हा दोष येतो तेव्हा त्याच्यासोबत वर्तुळातल्या नावांची यादी मिळते, पहिलं आणि शेवटचं नाव सारखंच. मात्र ती एकाच वर्तुळाची असते. ते तोडल्यावर पुन्हा चालवून पाहावं लागतं.

ओळ मिळाली म्हणजे वेळापत्रक मिळालं असं नाही. विषय संपताना त्याला एक आकडा देता येतो: त्याच्या अटींमधला सगळ्यात मोठा आकडा अधिक एक, आणि अटच नसेल तर एक. मूळ यादीत दोन्ही पहिल्या विषयांना एक मिळतो, कॅल्क्युलस-२ आणि फिजिक्स-२ला दोन, पुढच्या दोघांना तीन, क्वांटमला चार. म्हणजे सात विषयांना किमान चार सत्रं. प्रत्यक्षात एमआयटीच्या यादीत डिफरन्शियल इक्वेशन्स कॅल्क्युलस-२सोबत त्याच सत्रात घेता येतो. असा सह-विषय साध्या बाणात मावत नाही. त्याच्यासाठी ‘आधीच्या किंवा त्याच सत्रात’ असा निराळा नियम लिहावा लागतो.

त्याहून अवघड असतो ‘किंवा’. क्वांटमसाठी १८.०३ऐवजी १८.०३२ही चालतो. इथे आपल्या पद्धतीचा पायाच हलतो, कारण ती प्रत्येक बाण अनिवार्य धरते. एका पर्यायात वर्तुळ सापडलं तरी दुसरा पर्याय मोकळा असू शकतो, आणि असे दहा ‘किंवा’ असतील तर दोनदोन पर्यायांच्या १०२४ वेगवेगळ्या याद्या होतात. डेप्थ-फर्स्ट सर्च त्यांतली प्रत्येक यादी झटकन तपासेल, पण कोणती यादी तपासायची हे तिला आधी सांगावं लागतं.