पासवर्ड वहीत, ब्राउझरमध्ये की मॅनेजरमध्ये? घरातल्या माणसांनुसार उत्तर बदलते

नवी दिल्ली : समजा, इंदूरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मध्यरात्री रुग्णालयात दाखल करावे लागले. आरोग्यविम्याची पॉलिसी त्यांच्या ई-मेलमध्ये आहे, ई-मेल फोनमध्ये आहे आणि फोनला कुलूप आहे. पत्नीला एवढेच ठाऊक आहे की, ‘ह्यांनी कुठेतरी लिहून ठेवले आहे’. पुण्यात नोकरी करणारी मुलगी दोन वर्षांपासून सांगत होती, "बाबा, ती वही फाडून टाका आणि पासवर्ड मॅनेजर घ्या." वडिलांनी ऐकले नाही. त्या रात्री ती वही सापडली, तर तीच उपयोगी पडेल.

पासवर्डविषयीची बहुतेक चर्चा चोराला बाहेर कसे ठेवायचे, एवढ्यावरच थांबते. संगणकाशी फारशी सलगी नसलेल्या घरात तितकाच मोठा धोका दुसरा असतो. गरजेच्या वेळी घरचाच माणूस बाहेर अडकतो. वही, ब्राउझर आणि मॅनेजर यांची तुलना हे दोन्ही धोके समोर ठेवून करायला हवी.

वहीची चेष्टा होते, पण तिच्यात एक गुण निर्विवाद आहे. परदेशात बसलेला सायबर चोर कपाटातली वही उघडू शकत नाही. तिचा खरा दोष ती चोरीला जाण्यात नसून तिच्यामुळे लागणाऱ्या सवयीत आहे. कागदावरून एकेक अक्षर पाहून टंकायचे म्हटले की माणूस छोटा पासवर्ड निवडतो आणि तोच सगळीकडे वापरतो. मग एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून तो फुटला, की चोर तीच ई-मेल आणि तोच पासवर्ड बँकेपासून ई-मेलपर्यंत सगळीकडे लावून पाहतो. हे काम यंत्रे करतात आणि हजारो खाती एका दमात तपासतात. याखेरीज, ‘हरवू नये म्हणून’ वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवला, की वहीचा तो एकमेव गुणही संपतो. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि एल यांतला गोंधळ तर प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे.

ब्राउझर इथे वहीपेक्षा सरस ठरतो. क्रोम किंवा सफारी प्रत्येक खात्यासाठी लांबलचक, वेगळा पासवर्ड स्वतः सुचवतो आणि लक्षात ठेवतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः जुळवून पाहतो. बनावट पान डोळ्यांना हुबेहूब बँकेसारखे दिसले, तरी पत्ता जुळत नसल्याने ब्राउझर पासवर्ड भरत नाही. वहीला ही नजर नाही.

मात्र या गप्प राहण्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगावा लागतो आणि त्यासाठी सध्याचेच एक उदाहरण पुरेसे आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातील बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर हलवायची होती. हेतू बनावट पत्ते ओळखणे सोपे करण्याचा. कारण हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. परंतु जुन्या पत्त्यासाठी जपलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर ब्राउझर आपणहून भरत नाही. वडिलांना वाटते ‘हे बिघडले’, आणि ते हाताने टंकतात. एकदा ही सवय लागली की खऱ्या बनावट पानावरही ते तसेच टंकतील. काही बँकांची पाने तर मुळातच ब्राउझरला पासवर्ड भरू देत नाहीत, त्यामुळे संभ्रम वाढतो.

उपाय एवढाच, की ब्राउझर गप्प राहिला तर हात थांबवून पत्ता वाचायचा. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा भाग `.bank.in` ने संपला पाहिजे. `abc.bank.in.login-help.com` अशा पत्त्यात ही अक्षरे मध्येच आहेत, शेवटी नाहीत. म्हणजे ते पान बँकेचे नव्हे. पत्ता खरा असल्याची खात्री पटली की पासवर्ड एकदा हाताने भरावा आणि ब्राउझरला नव्याने जपू द्यावा.

ब्राउझरची दुबळी बाजू वेगळी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सगळे पासवर्ड गुगल खात्याला जोडलेले असतात आणि अनेकदा फोनचे कुलूप उघडणाऱ्याला ते पाहताही येतात. नातवंडांना पाठ असलेला `1234` हा पिन असेल, तर तिजोरीची किल्ली दारातच टांगलेली आहे. विंडोज संगणकावर फुकटचे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर घेतले असेल, तर त्यासोबत आलेला विषाणू ब्राउझरमधले पासवर्ड उचलून नेऊ शकतो. अशा प्रकारांत हाच मार्ग वारंवार दिसतो.

स्वतंत्र पासवर्ड मॅनेजर तिन्हींत सर्वांत सक्षम आहे, यात शंका नाही. तो फोन, लॅपटॉप आणि निरनिराळ्या ब्राउझरांत सारखाच चालतो आणि त्याची तिजोरी एका मुख्य पासवर्डने बंद असते. पण बहुतेक सेवांत तो मुख्य पासवर्ड कंपनीलाही ठाऊक नसतो. विसरला तर ग्राहकसेवा काही करू शकत नाही. शिवाय तो कमकुवत असला तर काय होते, हे 2022 मध्ये लास्टपास या सेवेच्या प्रकरणात दिसले. ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. मुख्य पासवर्ड भक्कम असणारे बऱ्यापैकी सुरक्षित राहिले, सोपा ठेवणाऱ्यांच्या तिजोरीवर मात्र चोरांना सवडीने प्रयत्न करता आले. गंमत अशी, की वनपासवर्डसारखी सेवा ग्राहकाला एक ‘आपत्कालीन कागद’ देते आणि तो छापून जपून ठेवायला सांगते. म्हणजे शेवटी कागद आलाच.

इंदूरच्या त्या घरात मग काय करावे? सत्तरीच्या वडिलांवर मॅनेजर लादू नये, असे या प्रतिनिधीला वाटते. ते मुख्य पासवर्ड विसरतील किंवा सोपा ठेवतील आणि दोन्ही वाईट. नेहमीची खाती त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये राहू द्यावीत, फोनला सहा आकडी पिन घालावा. वहीत मात्र मोजक्याच गोष्टी लिहाव्यात : फोनचा पिन, गुगल खात्याचा पासवर्ड आणि त्या खात्याचे बॅकअप कोड. हे कोड गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात, दुहेरी पडताळणीखाली मिळतात. ते दहा असतात, प्रत्येक आठ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. गुगलचा पासवर्ड पुस्तकाची पाने आंधळेपणाने उघडून निवडलेल्या चार-पाच शब्दांचा असावा, जसे `dagad-trolley-pavsala-kanda-vij`. तो वाचून टंकायला सोपा आणि ओळखायला कठीण असतो. (छापून आलेला हाच पासवर्ड अर्थातच कोणी वापरू नये.) यूपीआय पिन वहीत लिहू नये. वही दागिने किंवा मालमत्तेच्या कागदांसोबत कुलपात असावी आणि ती कुठे आहे हे पत्नीला ठाऊक असावे.

मुलीने स्वतःसाठी मॅनेजर खुशाल घ्यावा. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत आपत्कालीन प्रवेशाची सोय आहे. विश्वासातील व्यक्तीने विनंती केल्यावर ठरलेले दिवस उलटूनही नकार आला नाही, तर तिला तिजोरी पाहता येते.

एक भेद इथे स्पष्ट हवा. वहीतला पासवर्ड म्हणजे वारसाहक्क नव्हे. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या नेटबँकिंगमधून पैसे काढणे वैध ठरत नाही. त्यासाठी बँकेत नामनिर्देशन करून ठेवावे.

व्यवस्था लागली की एका रविवारी तिची परीक्षा घ्यावी. वडिलांनी आपला फोन बंद करून शेजारच्या खोलीत बसावे आणि आईने केवळ वहीच्या आधारे मुलीच्या फोनवरून त्यांचे ई-मेल उघडावे. बहुतेक घरांत पासवर्ड बरोबर पडतो, पण पुढे ‘तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला होकार द्या’ असे पान येते आणि तो फोन तर बंद असतो. तिथे ‘दुसरा मार्ग वापरा’ हा पर्याय निवडून बॅकअप कोड टाकायचा आणि वापरलेल्या कोडवर वहीत लगेच रेघ मारायची.